पायाचा फोड दुखत नाही, म्हणूनच घाई करायची

प्रश्न: बाबांचे वय ६४, पंधरा वर्षांपासून मधुमेह. दोन दिवसांपूर्वी नवे बूट घालून ते बरेच चालले. काल रात्री उजव्या अंगठ्याच्या मागे, चवड्यावर पाण्याने भरलेला फोड दिसला, साधारण नाण्याएवढा. अजिबात दुखत नाही, त्यामुळे ते नेहमीसारखे हिंडत-फिरत आहेत. फोड फोडू का? घरी काय लावू? डॉक्टरांकडे लगेच न्यावे की थोडी वाट पाहावी? आणि रोज पाय तपासा म्हणतात, म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर:

फोड फोडू नका, बाबांचे चालणे आत्तापासून थांबवा आणि आज, फार तर उद्या, पाय डॉक्टरांना दाखवा. फोडावर काय लावायचे हा यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. तोही पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे ‘अजिबात दुखत नाही’. चवड्यावर एवढा मोठा फोड आला की माणूस लंगडतो. मुद्दाम नाही, आपोआप. पाय वाकडा टाकतो, टाचेवर भार घेतो, बूट काढून बसतो. त्या लंगडण्यामुळेच फोडाला विश्रांती मिळते आणि तो चार-सहा दिवसांत बसतो. बाबा सरळ चालत आहेत याचा अर्थ त्या जागेची जाणीव बरीच कमी झाली आहे. बूट चावत असताना ते त्यांना कळले नाही आणि आता फोडावर शरीराचा भार पडतो आहे, तेही कळत नाही. म्हणजे फोड आला ते कारण अजून चालूच आहे.

बरीच वर्षे साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बोटांच्या टोकांकडून वर अशा बधिर होत जातात. याच नसा घामाचेही काम बघतात, म्हणून असा पाय कोरडा पडतो आणि टाचेला भेगा जातात. पायातल्या लहान स्नायूंना जाणाऱ्या नसा कमजोर झाल्या की बोटे आकड्यासारखी वळतात आणि चवड्याची हाडे खाली टेकू लागतात. त्या हाडांखाली घट्टा तयार होतो. बाबांचा फोड नेमका अशाच जागी आहे. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर आयुष्यभर काम केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड हेच सांगत असत की असा पाय एका मोठ्या इजेने क्वचित बिघडतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा साधा, रोजचा भार त्याला फोडतो. मधुमेहाच्या पायालाही हे तंतोतंत लागू पडते.

फोड अंगावर काढला तर काय होते, ते माझ्याकडे आलेल्या एका रुग्णावरून सांगतो. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. साठीचे गृहस्थ, नवे बूट, फोड जवळपास याच जागी. त्यांनी घरी मलम लावले, वर पट्टी बांधली आणि कामावर जात राहिले, कारण दुखत नव्हते. पाचव्या दिवशी फोडाची कातडी घासून निघाली आणि खाली गुलाबी, ओलसर जखम दिसली. रंग चांगला दिसतो आहे म्हणून घरच्यांना हायसे वाटले. पण जखमेच्या कडेची कातडी पांढरट, भिजल्यासारखी झाली होती. जखमेवर सतत भार पडत असल्याची ती खूण होती. आठवड्यानंतर मोजा ओला होऊ लागला आणि बूट काढल्यावर वास येऊ लागला. त्याच सुमारास त्यांची सकाळची उपाशीपोटीची साखर, जी एरवी १५०-१६० असायची, ती खाण्यात काही बदल नसताना २६० च्या पुढे गेली. त्यांनी गोळी चुकली असेल असे धरले. अकराव्या दिवशी पायाच्या वरच्या बाजूला लाली आली, रात्री थंडी वाजून ताप आला आणि मग ते दाखवायला आले. जखमेत बोथट सळई घातली तेव्हा ती थेट हाडाला लागली. अंगठा काढावा लागला, पाय वाचला.

या अकरा दिवसांत त्यांना एकदाही धड दुखले नाही. पण शरीराने खुणा दिल्या होत्या: भिजलेल्या कडा, ओला मोजा, वास, कारण नसताना चढलेली साखर. यातली शेवटची खूण लोकांना माहीतच नसते. आत संसर्ग वाढू लागला की साखर चढते, आणि पुष्कळदा ताप येण्याच्या आधी चढते. बधिर पाय बोलत नाही तेव्हा ग्लुकोमीटर बोलतो, म्हणून जखम असेपर्यंत साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा आणि लिहून ठेवा.

आता आज घरी काय करायचे ते.

हात साबणाने धुवा. बाबांना खुर्चीवर बसवा, भरपूर उजेडात पाय समोर घ्या आणि आधी नुसते नीट बघा. फोड अखंड आहे की फुटला आहे? आतले पाणी स्वच्छ आहे, गढूळ आहे की रक्तासारखे? भोवतीची कातडी लाल आहे का? लाली असेल तर तिच्या कडेने साध्या पेनाने रेघ काढा आणि वेळ लिहून ठेवा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली का, हे मग अंदाजावर राहत नाही. एक फोटो काढा. रोज त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढत गेलात तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

मग पाय वाहत्या, स्वच्छ, साध्या पाण्याने सौम्य साबण लावून धुवा. मलमपट्टीसाठी सलाइन मिळाले तर उत्तमच. पाणी गरम नको. बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी बाबांनी पायाने नव्हे, तर तुम्ही स्वतःच्या कोपराने पाहायचे. पाय बादलीत भिजत ठेवायचा नाही. मिठाच्या पाण्यात नको, जंतुनाशकाच्या पाण्यातही नको, कारण भिजून मऊ झालेली कातडी लवकर फाटते. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून कोरडा करा, चोळू नका. बोटांच्या बेचक्याही टिपा.

फोड अखंड असेल तर त्याचे छत, म्हणजे वरची कातडी, हेच सर्वांत चांगले ड्रेसिंग आहे. ते जंतूंना बाहेर ठेवते. सुईने टोचून पाणी काढलेत तर तेच जंतूंना आत यायचे दार होते. फोड फार मोठा, ताणलेला आणि भार पडणाऱ्या जागी असेल तर कधी कधी तो रिकामा करावा लागतो, पण ते निर्जंतुक साधनांनी दवाखान्यात करायचे काम आहे. फोड आपोआप फुटला असेल तर लोंबणारी कातडी ओढू किंवा कापू नका. तशीच जागेवर बसवा आणि झाका.

झाकायला निर्जंतुक, न चिकटणारे गॉज घ्या. त्यावर साध्या गॉजचा एक पातळ थर द्या आणि कागदी चिकटपट्टीने किंवा सैल रोलर पट्टीने धरून ठेवा. पट्टी बोटाभोवती गोल आवळून बांधू नका. सूज आली तर तीच पट्टी बोटाचा रक्तपुरवठा अडवते. रोज एकदा बदला, आणि ओली झाली तर लगेच. मलम, पावडर, घरगुती लेप यांतले काही नको. पावडरीचे थर जखम झाकून टाकतात, रंगीत औषधांमुळे लाली दिसत नाही, स्पिरिट आणि फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने येणाऱ्या नाजूक पेशी जाळतात. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तर मुळीच सुरू करू नका. संसर्ग नसलेल्या फोडाला त्यांचा फायदा नाही, आणि असेल तर त्या अर्धवट गोळ्यांनी लक्षणे झाकली जातात. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी झाले हे आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

एवढे झाले की खरे काम सुरू होते, ते म्हणजे भार काढणे. उत्तम ड्रेसिंग करून वर चालत राहिले तर जखम भरत नाही. दिवसभरात बाबांनी फक्त स्वच्छतागृहापर्यंत जावे, तेही आधार घेऊन, आणि ते नवे बूट पुन्हा घालू नयेत. मात्र अनवाणीही नको. मऊ, रुंद, पुढे न दाबणारे पादत्राण घराच्या आतसुद्धा पायात असावे. ‘मी टाचेवर चालतो’ असे बरेच जण म्हणतात. त्यात तोल जातो, आणि बधिर पायाने माणूस चार पावलांत विसरून पुन्हा चवडा टेकतो. मध्ये भोक असलेल्या गोल गाद्या मिळतात, त्याही वापरू नका. मध्यभागाचा भार कमी होतो खरा, पण गादीच्या कडेवर दाब वाढतो आणि तिथली कातडी दुखावते.

डॉक्टरांना इतक्या लवकर का दाखवायचे, असे बाबा विचारतील. कारण घरी बसून एक गोष्ट कळत नाही: पायाला रक्त पुरेसे पोहोचते आहे की नाही. बधिर पायात रक्तपुरवठा कमी असला तरी चालताना पोटरीत येणारे दुखणे पुष्कळदा जाणवत नाही. पाय उबदार आणि गुलाबी दिसतो म्हणून रक्तपुरवठा ठीक आहे, असेही धरता येत नाही. जखम भरायला नुसती कातडी टिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त लागते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी दोन्ही पायांच्या नाड्या, एक पायाच्या वर आणि एक आतल्या घोट्यामागे, हाताने पाहिल्या का, याकडे लक्ष द्या. नाड्या नीट लागल्या नाहीत तर घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून आकडा काढतात. हा आकडा ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. पण मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या बोटाचा रक्तदाब किंवा डॉपलर तपासणी अधिक खरे सांगते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे ऐकून जखम भरत नसेल, तर हा प्रश्न जरूर विचारा.

डॉक्टर जाणीव तपासण्यासाठी नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतील. तो वाकतो तेव्हा १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि तो न कळणारा पाय धोक्यातला मानतात. फोडाभोवती घट्टा असेल तर तो तासून काढतील, कारण घट्टा स्वतःच खडा टोचावा तसा खालच्या मांसावर दाब देतो. तासल्यावर खाली लपलेली जखम दिसणे मला नवीन नाही. घट्ट्यात काळसर-तपकिरी ठिपका दिसला तर आत रक्त साकळले आहे, म्हणजे जखम होण्याच्या बेतात आहे, असे समजावे. हाडाबद्दल शंका असेल तर एक्स-रे काढतात, पण हाडातला संसर्ग पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेवर न दिसणे अगदी शक्य आहे. सुरुवातीचा एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

तळव्यावर जखम झालीच, तर चवड्याच्या अशा बधिर जखमेसाठी जगभर सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट. रक्तपुरवठा बरा हवा आणि संसर्ग आटोक्यात हवा, ही त्याची अट. लोकांना ते जाचक वाटते. पण काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात, आणि घरातली पावलेही जखमेवर पडतातच. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्याने कमी झाले नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. भार खरेच निघाला आहे का, रक्त पोहोचते आहे का, हाडात काही आहे का, हे पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागते.

उद्याची वाट न पाहता लगेच, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यायच्या खुणा वेगळ्या आहेत. लाली फोडाच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे गेली, किंवा तुमच्या रेघेबाहेर पसरते आहे. पू, वास, किंवा पायावर वर चढणारी लाल रेषा दिसते आहे. बोट किंवा कातडी निळी-काळी पडते आहे, पाय अचानक गार आणि पांढरा झाला आहे. ताप, थंडी, गळाठा, उलट्या, किंवा साखर औषध घेऊनही उतरत नाही. आणि एक विचित्र वाटणारी खूण: कधीच न दुखणारा पाय एकाएकी ठणकू लागला. आत खोलवर पू झाला की बधिर पायातही दुखते, म्हणून ते ‘जाणीव परत आली’ असे समजू नका.

जखम कुठेही नाही, पण एक पाय सुजला आहे, लाल आहे आणि दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतो, असेही होते. ही शार्को नावाची अवस्था असू शकते. तिच्यात पायाची हाडे आणि सांधे ठिसूळ होऊन मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत असतो. मुरगळला असेल म्हणून बाम चोळू नका. पाय टेकणे बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा.

आता रोजच्या तपासणीबद्दल. वेळ संध्याकाळची, बूट-मोजे काढल्यावरची ठेवा, कारण दिवसभराची खूण तेव्हा ताजी असते. सुरुवात मोज्यापासून करा. मोजे फिक्या रंगाचे घेतले तर जखमेतून झिरपलेल्या पाण्याचा किंवा रक्ताचा डाग पायाआधी मोज्यावर दिसतो. मग तळवा. बाबांना वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरता येतो, पण त्यांची नजर मधुमेहाने कमी झाली असेल तर आरशाचा भरवसा धरू नका, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघायचे. टाच आणि तिच्या भेगा, चवडा, बोटांची टोके, नखांच्या कडा, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून. बेचकीत पांढरी, ओली कातडी म्हणजे चिखल्या. तिथली बारीक चीर हे जंतूंच्या शिरण्याचे नेहमीचे दार आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. हाताची मागची बाजू दोन्ही पायांच्या त्याच त्या जागी आळीपाळीने लावा, उजव्या चवड्यानंतर डावा चवडा, उजव्या टाचेनंतर डावी टाच. एक जागा जास्त गरम लागली तर तिथे आत दाह चालू आहे आणि कातडी फुटायची बाकी आहे. कातडीचे तापमान मोजणारे साधन घरी असेल, तर दोन पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस आला की चालणे कमी करून डॉक्टरांना कळवायचे. शेवटी कोरड्या कातडीला साधे मॉइश्चरायझर, मात्र बेचक्यांत नाही. नखे सरळ कापा, कोपरे आत खोदू नका. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने तासू नका, आणि कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यांतले आम्ल चांगली कातडीही जाळते.

जाणीव किती उरली आहे, हे घरीही पाहता येते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. बाबांना डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाचे टोक त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला हलकेच एक-दोन सेकंद टेकवा, दाबू नका, टिचकी मारू नका. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या, अशा सहा जागा. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही तर जाणीव कमी झाली आहे. सगळे कळले म्हणून वर्षातून एकदाची डॉक्टरांची तपासणी टाळू नका.

ते नवे बूट फेकू नका, पिशवीत घालून दवाखान्यात न्या. आत हात घालून बघितले की शिवण, टोक किंवा आतल्या तळव्याची उचललेली कड सापडते आणि फोड का आला ते कळते. पुढचा जोड घेताना दिवस उतरल्यावर, पाय थोडे सुजलेले असताना, उभे राहून माप घ्या. सर्वांत लांब बोटापुढे १ ते २ सेंटिमीटर जागा हवी आणि चवड्याला रुंदी पुरायला हवी. ‘घट्ट नाही वाटत’ हा बाबांचा शब्द यात चालणार नाही, कारण बधिर पायाला नेमका घट्ट बूटच ‘बरोबर बसतो’ असे वाटते. नवा जोड पहिल्या दिवशी तासभर घालायचा, काढून पाय बघायचा, आणि पाच मिनिटांनंतरही लाल खूण राहिली तर तो जोड त्या पायासाठी नाही. रोज घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा.

फोड बसला तरी ही जागा कच्चीच धरा. पायाची जखम एकदा भरल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांना पुन्हा जखम होते, आणि ती बऱ्याचदा त्याच हाडाखाली असते. त्यामुळे बरे झाल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या: त्या हाडावरचा दाब कमी करणारा आतला तळवा बाबांच्या मापाने बनवून घ्यायचा का, आणि घट्टा तासायला किती आठवड्यांनी यायचे.